काकांना निरोप द्यायचाय आणि सगळ्यांना मराठी येत नाही: दोन भाषांतलं भाषण कसं लिहायचं

निवृत्तीच्या निरोपाचं भाषण लिहायची वेळ आली की आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच पद्धत होती. कुणीतरी मराठीत लिहायचं, दुसऱ्या कुणीतरी त्याचं वाक्याला वाक्य लावून इंग्रजी करायचं आणि समारंभात दोन्ही एकामागून एक वाचायचं. पहिल्या खेपेला लोक हसायचे, डोळे पुसायचे. दुसऱ्या खेपेला समोशांकडे बघायचे. सत्कारमूर्ती बिचारे तेच कौतुक परत ऐकत कानकोंडे होऊन बसायचे. खरेदी विभागात असल्यामुळे आणि ‘तुझं मराठी बरं आहे’ या आरोपामुळे अशी बरीच भाषणं माझ्या गळ्यात पडली. पहिली दोन-तीन मी याच पद्धतीने बिघडवली.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेते. चाकणजवळचा कारखाना. स्टोअर सांभाळणारे, सगळे ज्यांना नुसतं ‘काका’ म्हणतात ते, 28 वर्षांनी निवृत्त होताहेत. दुपारी चारला कॅन्टीनमध्ये छोटा समारंभ आहे. तुमच्याकडे चार मिनिटं आहेत.

## 1. आधी माणसं मोजा

कागदावर तीन रकाने आखा: फक्त मराठी समजणारे, फक्त इंग्रजी समजणारे आणि दोन्ही समजणारे. आमच्या चाळीस जणांत लोडिंगची मुलं आणि रात्रपाळीचे मिळून नऊजण पहिल्या रकान्यात आले. डिझाइनमधली तमिळ मुलगी, दोन बंगाली इंजिनिअर, व्हिडिओ कॉलवरचे जर्मन साहेब असे सातजण दुसऱ्यात. उरलेले चोवीस तिसऱ्यात.

हा तिसरा रकाना जवळजवळ नेहमीच सर्वांत मोठा निघतो, आणि भाषण लिहिताना नेमका त्याचाच विसर पडतो. सगळं दोनदा सांगितलंत तर हे चोवीसजण कंटाळतात. एकाच भाषेत सांगितलंत तर नऊ तरी किंवा सात तरी कोरडे बसतात. त्यामुळे गाभा दोन्ही भाषांत यायला हवा आणि फुलोरा ज्याच्या त्याच्या भाषेतच ठेवायला हवा. पुढचं सगळं काम या वाटणीचं आहे.

तपासा: सत्कारमूर्ती स्वतः कुठल्या रकान्यात आहेत? काका पहिल्या आणि तिसऱ्याच्या सीमेवर. इंग्रजी समजतं, पण कौतुक मराठीतच पोचतं. म्हणजे भाषणाची मुख्य भाषा मराठी. निवृत्त होणारी व्यक्ती तमिळ असती तर हाच आराखडा उलटा झाला असता.

## 2. गाभा ठरवा, तोही तुटक शब्दांत

अजून एकही पूर्ण वाक्य लिहू नका. पूर्ण वाक्य लिहिलं की ते एका भाषेचं होऊन बसतं आणि दुसऱ्या भाषेला त्याच्या मागे फरपटत जावं लागतं. फक्त चार गोष्टी टिपा: काय घडतंय, एक प्रसंग, कशाबद्दल आभार, पुढे काय.

प्रसंग मिळवायला वेगवेगळ्या चार माणसांना एकच प्रश्न विचारा: ‘काका नसते तर तुझं काम कधी अडलं असतं?’ ‘काका कसे आहेत?’ असं विचारलंत तर ‘एकदम शिस्तीचे, मनमिळाऊ’ एवढंच हाती लागतं, आणि ते कुणालाही चिकटवता येतं. माझ्या प्रश्नाला रात्रपाळीच्या सुपरवायझरने हे सांगितलं: लाइन 6205 बेअरिंगसाठी थांबली होती, सिस्टीम शिल्लक शून्य दाखवत होती, रात्री अडीचला काकांना फोन लावला. ते झोपेतच म्हणाले, ‘तिसरा रॅक, खालचा कप्पा, निळ्या क्रेटच्या मागे बघ.’ दोन निघाली.

नोकरीची वर्षं आणि रुजू झाल्याचं साल एचआरकडून पडताळून घ्या. ‘साधारण तीसेक वर्षं’ असं म्हटलं की ज्याने 28 वर्षं मोजून काढलीत त्याला ते लागतं.

## 3. आठवणींची वाटणी करा

गोळा झालेली प्रत्येक आठवण दुसऱ्या भाषेत एका दमात सांगून बघा. मध्ये ‘म्हणजे त्याचं असं आहे की’ असं म्हणावं लागलं, तर ती आठवण एकाच भाषेत राहणार.

बेअरिंगचा प्रसंग दोन्हीकडे चालतो, कारण त्यात रॅक आहे, क्रेट आहे, आकडा आहे. समजायला काहीही माहीत असावं लागत नाही. आता दुसरी आठवण बघा. स्लिप न घेता स्टोअरच्या खिडकीशी आलेली मुलं हात जोडून म्हणायची, ‘काका, मला वाचवा!’ मराठी माणूस लगेच हसतो. इंग्रजीत हे सांगायला गेलात तर 1773 सालचा शनिवारवाडा, नारायणराव पेशवे, राघोबादादा आणि गारदी, एवढ्या सगळ्यांना कॅन्टीनमध्ये आणावं लागतं. आमच्यातल्या एका उत्साही सहकाऱ्याने तेही केलं होतं. त्याचं संपल्यावर कॉलवरच्या साहेबांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं की या काकांच्या बाबतीत नेमकं काय घडलं होतं.

तेव्हा तो विनोद मराठीतच ठेवा, आणि त्याबद्दल इंग्रजीत माफीही मागू नका. हशा पिकला की ज्यांना कळलं नाही ते शेजारच्याला विचारतात, शेजारचा हळूच सांगतो. तेवढं पुरतं.

सावधान: सत्कारमूर्तींच्या इंग्रजीवरचा विनोद कुठल्याच भाषेत नको. रोजच्या चेष्टेत तो खपत असेल. बायकामुलांसमोर, साहेबांसमोर खपत नाही.

## 4. मराठी भाग लिहा

मराठी भाग थेट काकांशी बोला: ‘काका, तुम्ही’. ‘त्यांनी असे कार्य केले’ अशी भाषा आली की ते मानपत्र होतं. लिहिताना तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं.

पहिलं, आपण आणि आम्ही. डोक्यात इंग्रजी ‘वी’ असेल तर इथे चूक ठरलेली. ‘आम्ही हे स्टोअर पत्र्याच्या शेडमधून नव्या इमारतीत आणलं’ या वाक्यात काका बाहेर पडले. समोर बसलेल्या माणसाचंच काम तुम्ही त्याच्यापासून काढून घेतलंत. तिथे ‘आपण’ हवं. उलट ‘आपण काकांना निरोप देतोय’ हे काकांकडे बघून म्हणता येत नाही, तिथे ‘आम्ही’. जे काम त्यांच्यासोबत झालं तिथे आपण, जे त्यांच्यासाठी चाललंय तिथे आम्ही. त्यात समोरच्याला आदराने ‘आपण’ म्हणायची सवय असेल तर एकाच परिच्छेदात आपणचे दोन अर्थ होतात. म्हणून काकांना ‘तुम्ही’च म्हणा. तसंही स्टोअरच्या खिडकीशी कुणी त्यांना आपण म्हणत नव्हतं.

दुसरं, श्रद्धांजलीचा सूर. निवृत्तीच्या भाषणात हा फार लवकर शिरतो. ‘पोकळी निर्माण झाली आहे’, ‘उणीव सदैव भासेल’, ‘स्मृती कायम राहतील’, हे सगळे वर्तमानपत्रातल्या काळ्या चौकटीतले शब्द. मी एकदा पोकळी वापरली होती, तेव्हा सत्कारमूर्तींच्या पत्नी शेजारणीला पुरेशा मोठ्याने म्हणाल्या, ‘अगं, आहेत ना हे अजून!’ मात्र शब्द टाळूनही सूर येतो, तो भूतकाळामुळे. ‘काका शिस्तीचे होते’ म्हटलं की काका गेले. केलेली कामं भूतकाळात लिहा, स्वभाव वर्तमानकाळात: ‘तुम्ही शिस्तीचे आहात.’

तिसरं, शुभेच्छा. ‘भावी वाटचालीस शुभेच्छा’ हे नोकरी बदलणाऱ्याला ठीक. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला कसली वाटचाल? आणि इंग्रजीत ‘द रेस्ट ऑफ युवर लाइफ’ सहज जातं म्हणून मराठीत ‘उर्वरित आयुष्य’ लिहिणारे मी पाहिलेत. आयुष्य उरलंय असं मराठीत माणसाच्या तोंडावर म्हणत नाहीत. काका निवृत्तीनंतर खरंच काय करणार आहेत ते विचारा आणि तेच म्हणा. आमच्या काकांना गावी जाऊन विहिरीचं काम पुरं करायचं होतं. ‘विहिरीला पाणी लागलं की बोलवा’, एवढी शुभेच्छा पुरते.

तपासा: मराठी मजकुरातल्या प्रत्येक ‘होते’, ‘होतात’ला पेन्सिलीने गोल करा. गोलात स्वभाव सापडला तर काळ बदला.

## 5. इंग्रजी भाग वेगळा लिहा

इथे मराठी कागद उलटा करून ठेवा आणि फक्त टप्पा 2 मधली चार टिपणं समोर घ्या. समोर मराठी वाक्य दिसत असेल तर तुम्ही भाषांतरच करणार.

इंग्रजी भाग काकांशी बोलायचा नाही, काकांबद्दल बोलायचा. ज्यांना मराठी कळत नाही त्यांना हा माणूस कोण, ते सांगायचं काम त्याचं. म्हणून इथे तृतीय पुरुष, आणि शेवटच्या एका ओळीत काकांकडे वळणं. असं केलं की दोन्ही समजणाऱ्या चोवीसजणांनाही इंग्रजी भाग पुनरावृत्ती वाटत नाही. तोच प्रसंग दुसऱ्या कोनातून येतो.

‘काका’ हा शब्द इंग्रजीतही तसाच ठेवा, फक्त एकदा अर्थ सांगा. मिस्टर अमुकतमुक म्हटलंत तर निम्म्या लोकांना कळणारच नाही कुणाबद्दल चाललंय. आमच्या तमिळ सहकारिणीने रुजू झाल्यावर महिनाभर त्यांना काका म्हणायचं टाळलं होतं, कारण तमिळमध्ये काक्का म्हणजे कावळा. अर्थ सांगायला एक वाक्य लागतं, ते द्या.

शाल आणि श्रीफळ देणार असाल तर त्याचंही एक वाक्य घाला. पडद्यावर कुणीतरी माणसाच्या हातात नारळ देतंय, एवढंच बघणाऱ्याला त्यातला मान कळत नाही.

सावधान: इंग्रजीतही काळी चौकट आहे. ‘ही हॅज लेफ्ट अस’, ‘ही इज नो मोअर विथ अस’, ‘ही वॉज अ काइंड मॅन’ ही वाक्यं वाच्यार्थाने बरोबर असली तरी समारंभात नकोत. ‘ही इज रिटायरिंग टुडे’ हे साधं वाक्य पुरे.

## 6. क्रम लावा

मराठी, इंग्रजी, परत मराठी. सुरुवात काकांना उद्देशून मराठीत, म्हणजे ते लगेच मोकळे होतात. मध्ये इंग्रजी. शेवटच्या दोन-तीन ओळी मराठीत, कारण त्यानंतर शाल पडते आणि डोळ्यांत पाणी यायचं असेल तर तेव्हा येतं. इंग्रजी शेवटी ठेवलंत तर वातावरण बैठकीच्या इतिवृत्तावर येऊन थांबतं.

एक वाक्य मराठी, एक इंग्रजी असा झिम्मा घालू नका. प्रत्येक वाक्यानंतर अर्धी खोली वाट बघत बसते आणि कुणालाच सूर सापडत नाही. मी सावकाश वाचते तेव्हा मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. त्यामुळे चार मिनिटांत हशा-टाळ्या धरून साडेतीनशेच्या वर शब्द नकोत, आणि कमी झाले तर कुणी तक्रार करत नाही.

## 7. तयार मजकूर कसा दिसतो

आमच्या काकांसाठीचं भाषण असं झालं. सुरुवात:

> काका, 28 वर्षांत तुम्ही कुणाला स्लिपशिवाय साधा वॉशर दिला नाहीत. आणि रात्री फोन केला आणि उचलला नाहीत, असंही कधी झालं नाही. त्या रात्री 6205 बेअरिंगसाठी लाइन थांबली. सिस्टीम म्हणे शून्य. तुम्ही अंथरुणातूनच सांगितलंत, तिसरा रॅक, खालचा कप्पा, निळ्या क्रेटच्या मागे. दोन निघाली. ‘काका, मला वाचवा’ म्हणत आम्ही खिडकीशी यायचो. शनिवारवाड्यातल्या काकांनी नाही वाचवलं, तुम्ही दर वेळी वाचवलंत. सकाळी स्लिप मात्र घेतलीत.

मग इंग्रजी भाग, टाइप केला तसाच:

```
For those who joined recently: Kaka is Marathi for
uncle, and this plant has only one. One night the line
stopped for a 6205 bearing. The system said zero. Kaka,
half asleep at home, said: third rack, bottom shelf,
behind the blue crate. There were two. He is retiring
today, so from tomorrow that call is ours to answer.
The shawl and coconut are how we honour someone here.
Kaka, thank you. Please keep visiting.
```

आणि शेवट:

> काका, पत्र्याच्या शेडमधलं स्टोअर आपण इथे आणलं. आता तुम्ही विहिरीकडे बघा, रॅककडे आम्ही बघतो. पाणी लागलं की बोलवा. आणि आज गेटवर ‘जातो’ म्हणायचं नाही. ‘येतो’ म्हणायचं.

प्रसंग दोन्हीकडे आहे, पण मराठीत तो काकांच्या काटेकोरपणाचा पुरावा आहे आणि इंग्रजीत त्यांच्या स्मरणशक्तीचा. शनिवारवाडा फक्त मराठीत. शाल-श्रीफळाचा खुलासा फक्त इंग्रजीत. शेवटच्या ‘येतो’ला इंग्रजी जोड शोधू नका. ‘आय अॅम कमिंग’ हसं करेल. त्या जागेचं काम इंग्रजी भागातल्या परत येत राहण्याच्या विनंतीने आधीच केलंय.

तपासा: दोन माणसांना बसवा, एक फक्त मराठीवाला, एक फक्त इंग्रजीवाला. वाचून झाल्यावर दोघांनाही विचारा: कोण निवृत्त होतंय, त्याने काय केलं, पुढे काय? पहिल्या दोहोंची उत्तरं दोघांकडून जुळली पाहिजेत. विहीर इंग्रजीवाल्याला माहीत नसली तरी चालेल.

## 8. वाचणं आणि छापणं

इंग्रजी भाग ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यापैकीच कुणाला तरी वाचायला द्या. मग तो भाग ‘त्यांच्यासाठीचा’ न राहता त्यांच्याकडून काकांना दिलेला होतो. आमच्याकडे तमिळ सहकारिणीने वाचला, आणि शेवटी स्वतःहून एक मराठी ओळ मागून घेतली: ‘काका, येत राहा.’ ती रोमन लिपीत लिहून देताना मी गडबड केली. `Kaka, yet raha` असं लिहिलं आणि तालमीत तिने ‘येट राहा’ वाचलं. चूक तिची नव्हती, `yet` हा इंग्रजीत शब्दच आहे. मग `Kaka, yeyt raahaa` असं लिहिलं, आणि तरीही तोंडी दोनदा म्हणवून घेतलं. रोमन लिपीवर भरवसा ठेवू नका, आवाज रेकॉर्ड करून पाठवा.

मजकूर शुभेच्छापत्रावर किंवा फ्लेक्सवर जाणार असेल तर छापणाऱ्याला नुसता मजकूर मेसेजवर पाठवू नका, पीडीएफही जोडा. बऱ्याच ठिकाणी डीटीपीला अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. त्यात मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं तुटतात किंवा छापणारा ते नव्याने टाइप करतो आणि नव्या चुका करतो. प्रूफ आलं की आधी तीनच शब्द बघा: ‘तिसरा’चं ‘तिसऱ्या’ झालं असेल तिथला ऱ्या, ‘शुभेच्छा’मधला च्छा आणि ‘सेवानिवृत्ती’मधला वृ. हे तीन शाबूत असतील तर बाकी बहुतेक शाबूत असतं. फ्लेक्सवर ‘निरोप समारंभ’ऐवजी ‘सेवापूर्ती समारंभ’ छापायची पद्धत आहे, तीही चांगली. फक्त दोन्ही शब्द एकाच फ्लेक्सवर नकोत.

## 9. मेल पाठवणार असाल तर

क्रम इथे उलटा करा. इंग्रजी आधी, मराठी खाली, कारण मेल दूरच्या शाखांतही जातो आणि तिथल्यांना आधी मराठी परिच्छेद दिसला तर ते खाली सरकतच नाहीत. विषयाची ओळ दोन्ही लिपींत, पण लहान ठेवा:

```
Kaka retires today | काकांचा आज शेवटचा दिवस
```

शनिवारवाड्याचा विनोद लेखी मेलमध्ये नको. तो आवाजावर, हसऱ्या चेहऱ्यावर चालतो. कागदावर कुणीतरी तो वरिष्ठांना खरोखर समजावत बसेल.

मेल समारंभाच्या आधी, जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास पाठवा. अनेक कंपन्यांत शेवटच्या दिवशी संध्याकाळी मेल आयडी बंद होतो, आणि मग ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच वाचायला मिळत नाही. काकांसाठी मराठी भागाचा मोठ्या अक्षरांतला एक प्रिंट वेगळा काढून पाकिटात घाला. तो घरी काकू वाचणार असतात.